उरलेले आठ दिवस

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. पलीकडून आवाज आला, "सर, नमस्कार. तुमचं नाव निघालंय." आवाजात असा काही आनंद होता की क्षणभर मला वाटलं, म्हाडाचा फ्लॅटच लागला. पण फोन एका विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागातून होता आणि मला लागला होता तो ३४२ पानांचा प्रबंध.

"मेल बघितला का सर? काल रात्री पावणेदहाला टाकलाय."

पावणेदहाला विद्यापीठाचं कार्यालय चालू असतं हे मला नवीनच कळलं. मेल उघडला. विषयाच्या जागी 'अर्जंट' हा शब्द आणि त्यापुढे चार उद्गारचिन्हं. आत एक गोपनीय पत्र, एक अहवालाचा नमुना, एक मानधनाचा फॉर्म, आणि वाचायची ती अवाढव्य फाईल. पत्रातली भाषा अतिशय नम्र होती. आपल्यासारख्या तज्ज्ञाने बहिःस्थ परीक्षक म्हणून हे कार्य स्वीकारावे, सखोल व चिकित्सक मूल्यमापन करावे, आणि सविस्तर अहवाल पुढच्या शुक्रवारपर्यंत पाठवावा. तो दिवस गुरुवार होता. म्हणजे सखोल, चिकित्सक आणि सविस्तर या तिघांनी मिळून आठ दिवस वाटून घ्यायचे होते, आणि त्यातही मध्ये एक रविवार होता, जो पत्र लिहिणाऱ्याने माझ्या वतीने आधीच दान करून टाकला होता.

मी म्हणालो, "भाऊसाहेब, आठ दिवसांत कसं होणार?"

"होतं सर. मागच्या सरांनी तीन दिवसांत दिला होता."

"तीन दिवसांत वाचला?"

भाऊसाहेब जरा थांबले. प्रामाणिक माणूस. "अहवाल दिला, सर," ते म्हणाले.

आता हे आठ दिवस आले कुठून, ही या गोष्टीतली खरी गंमत. यूजीसीचा पीएच.डी.बद्दलचा २०२२ चा नियम असा आहे की प्रबंध सादर झाल्यापासून मौखिकी होऊन निकाल लागेपर्यंतचं सगळं काम विद्यापीठाने सहा महिन्यांत उरकावं. आधीच्या, २०१६ च्या नियमांतही हेच होतं. नियम चांगलाच आहे. पूर्वी लोक प्रबंध देऊन बसायचे आणि मौखिकीच्या आमंत्रणाबरोबर नातवाच्या बारशाचंही आमंत्रण छापायची वेळ यायची. विद्यार्थ्याची ही परवड थांबावी म्हणून घड्याळ लावलं. फक्त ते घड्याळ कुणाच्या मनगटावर बांधायचं, हे नियमात लिहायचं राहिलं.

भाऊसाहेबांना मी खोदून खोदून विचारलं. तेही बिचारे कुणाला तरी सांगायला आतुर होतेच. प्रबंध जमा झाला तेव्हा परीक्षकांची यादी बंद पाकिटात मंजुरीला गेली. मंजूर करणारे साहेब नॅकच्या कामात होते. पाकीट सात आठवड्यांनी खाली आलं. मग पहिल्या परीक्षकांना सारांश पाठवून संमती विचारली. त्यांनी तासाभरात होकार कळवला आणि प्रबंध मागवून घेतला. त्यानंतर ते गेले ते गेलेच. पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, तिसरं स्मरणपत्र. साडेतीन महिन्यांनी त्यांचं उत्तर आलं: मुलीकडे अमेरिकेला निघालो आहे, प्रबंध उत्तम आहे असं ऐकतो, पण वाचायला सवड होणार नाही. मग यादीतलं पुढचं नाव काढलं. ते माझं.

म्हणजे १८० दिवसांच्या भांड्यातलं दूध वरच्यावर सगळ्यांनी पिऊन झालं होतं आणि तळाची खरवड माझ्या वाट्याला आली होती. त्या आठ दिवसांनंतर मौखिकीची तारीखही बसवायची होतीच. म्हणून तर शुक्रवार.

मी फोन ठेवला आणि पाटीवर हिशेब मांडला. प्रबंध वाचणं म्हणजे कादंबरी वाचणं नव्हे. कादंबरी आपण लोळून वाचतो, प्रबंध वाचताना पाठ ताठ ठेवावी लागते, नाहीतर दुसऱ्या प्रकरणातच डोळा लागतो. माझा वेग तासाला चौदा पानं. सगळ्यांत आधी मी ऋणनिर्देश वाचतो. तो माझा खाऊ. त्यात गाईडसाहेबांच्या सौभाग्यवतींनी वेळोवेळी केलेल्या चहाचा उल्लेख असला की विद्यार्थ्याने किती हेलपाटे घातलेत ते कळतं. मग सारांश, मग एकदम शेवटचं प्रकरण, म्हणजे हा माणूस कुठे पोचलाय ते समजतं. त्यानंतर संशोधन पद्धतीचं प्रकरण, बहुधा तिसरं, जिथे तो तिकडे कसा पोचला ते लिहिलेलं असतं. या दोहोंत पुष्कळदा वाटेत पूलच नसतो. मग तक्ते, परिशिष्टातली प्रश्नावली, आणि सर्वांत शेवटी पूर्वसंशोधनाचा आढावा, कारण तो मी इतर प्रबंधांत आधीच वाचलेला असतो. पानांचे चोवीस-पंचवीस तास, तक्ते पडताळायला सहा, अहवाल लिहायला चार. झाले पस्तीस. कॉलेज, पेपर तपासणी, घर, दळण हे सगळं करून रात्री मला दोन तास मिळतात. आठ दुणे सोळा.

म्हणजे प्रबंध अर्ध्याहून कमीच वाचून होणार. मग प्रश्न एवढाच की कोणता अर्धा? न्हाव्याने मानेपर्यंत अर्धी दाढी करून "बाकीची साधारण अशीच असेल" म्हणावं, तसं काहीसं.

आणि हे तक्ते पडताळणं म्हणजे माझं खूळ आहे असं घरच्यांचं मत आहे. ते खूळ का लागलं, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे कांदा उत्पादकांवरचा एक प्रबंध आला होता. नाशिक जिल्हा, निफाड, येवला, चांदवड तालुके, नमुना ३८४ शेतकऱ्यांचा. हा ३८४ आकडा आमच्या क्षेत्रात सत्यनारायणाच्या प्रसादासारखा आहे, कुठल्याही घरी जा, मिळतोच. त्यामागे क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० सालचा एक तक्ता आहे. लोकसंख्या खूप मोठी असेल, पाच टक्के चूक चालणार असेल आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ३८४ माणसं विचारली की पुरे, असं तो सांगतो. फक्त ती माणसं चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी निवडायची असतात. पुष्कळ प्रबंधांत आकडा या तक्त्यातून घेतलेला असतो आणि माणसं सासुरवाडीतून.

हा मुलगा मात्र गावोगाव हिंडलेला दिसत होता. लिखाण स्वच्छ, मांडणी नीट. साहित्यसाम्याचा अहवाल नऊ टक्के. (दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, असा यूजीसीचा २०१८ चा नियम आल्यापासून माझ्या वाट्याला आलेले बहुतेक प्रबंध नऊ टक्क्यांवर येऊन थांबतात. कसे थांबतात ते मी विचारत नाही.) पहिल्या आठवड्यात मी त्याला मनातल्या मनात पास करून टाकलं होतं. त्या दिवशी अहवाल मागितला असता तर "प्रबंध अत्यंत परिश्रमपूर्वक सिद्ध केला आहे" असं लिहून सही केली असती.

बाराव्या दिवशी एका तक्त्याशी अडखळलो. 'साठवणुकीची चाळ नसलेले शेतकरी: ६२.३ टक्के.' साधा आकडा, पण मला ३८४ चा पाढा एव्हाना पाठ झालाय. ३८४ पैकी एक शेतकरी म्हणजे ०.२६ टक्के. २३९ शेतकरी असतील तर ६२.२ येतात, २४० असतील तर एकदम ६२.५. मध्ये ६२.३ ला जागाच नाही. ६२.३ यायला २३९ पूर्ण शेतकरी आणि वर जवळजवळ पाव शेतकरी लागतो. आता दुष्काळ, गारपीट, निर्यातबंदी यांनी शेतकऱ्याची अवस्था वाईट झाली आहे हे मान्य, पण इतकी नाही.

पुढे आणखी तीन तक्त्यांत असेच पाव-अर्धे शेतकरी निघाले. आता मी संशयाने पेटलो. आकडे घरी बसून भरलेत! परिशिष्ट उघडलं. प्रश्नावली, मग गावांची यादी, मग क्षेत्रभेटींचं वेळापत्रक: 'शेतकऱ्यांच्या घरी प्रत्यक्ष जाऊन समक्ष मुलाखती, एप्रिल ते जून २०२०.' हे वाक्य मी आधी एकदा वाचलं होतं, मान डोलावून पुढे गेलो होतो. एकोणिसाव्या दिवशी ते दुसऱ्यांदा वाचलं आणि चहा हातात तसाच राहिला. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी होती. मे संपेपर्यंत आम्ही जिन्यावरून खाली उतरायलाही घाबरत होतो. भाजीवाल्याला दोरीने पिशवी सोडत होतो. आणि हा पठ्ठ्या निफाड-येवल्यात घरोघरी जाऊन ओसरीवर बसून मुलाखती घेत होता!

मी अहवालात शिव्या लिहिल्या नाहीत, तीन प्रश्न लिहिले. टाळेबंदीत समक्ष मुलाखती कशा झाल्या? या चार तक्त्यांचे छेद काय? प्रश्नावल्या जपून ठेवल्या आहेत का? असल्यास विभागाला दाखवाव्यात. शिफारस: दुरुस्त करून पुन्हा सादर करावा.

सुधारित प्रबंध आला तेव्हा मला माझीच थोडी लाज वाटली. मुलाखती खऱ्या होत्या, पण फोनवर झाल्या होत्या. फोनवर म्हटलं तर परीक्षक कमी लेखतील, म्हणून गाईडसाहेबांनी 'समक्ष' करायला लावलं होतं. आणि ६२.३ टक्केही खरे होते. चाळीच्या प्रश्नाला १३ शेतकऱ्यांनी उत्तरच दिलं नव्हतं, म्हणून टक्केवारी ३७१ वर काढली होती: ३७१ पैकी २३१. ही गोष्ट तक्त्याखाली एका ओळीत लिहायची राहून गेली होती, एवढंच. चोर समजून ज्याला धरला तो फक्त विसराळू निघाला.

म्हणजे बघा, सात दिवसांत मी त्याला डोळे झाकून पास केलं असतं, बारा दिवसांत लबाड ठरवलं असतं. तो खरा कसा आहे हे कळायला मला एक महिना लागला. पास केलं असतं तर तो प्रबंध शोधगंगेवर जाऊन बसला असता आणि पुढची वीस वर्षं लोकांनी त्यातले समक्ष शेतकरी आपापल्या प्रबंधांत उतरवून घेतले असते.

म्हणून आता मेथी बाजूला सारून नकार लिहायला बसलो. तर पुन्हा फोन. नंबर अनोळखी.

"सर, मी काही बोलत नाही," पलीकडचा आवाज म्हणाला. "नियमाप्रमाणे बोलताही येत नाही. पण सहज म्हटलं, चौकशी करावी. तब्येत बरी आहे ना?"

हे गाईड होते. परीक्षक कोण, हे त्यांना या टप्प्यावर कळायला नको असतं. विद्यापीठातली गोपनीयता ही पुरणपोळीच्या पुरणासारखी आहे, सगळीकडून बंद केलेली असते आणि तरी कडेने बाहेर येते. ते पुढे म्हणाले, "विद्यार्थी हुशार आहे. नोकरीची मुलाखत आहे पुढच्या महिन्यात. तुम्हीही मार्गदर्शक आहात, तुमचेही विद्यार्थी आहेत. आज ना उद्या कुणाचा तरी प्रबंध आमच्याकडे येतोच की." हे शेवटचं वाक्य त्यांनी अशा सुरात म्हटलं की ते आश्वासन होतं की दम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नोकरीचं ऐकून मी हललो, हे कबूल करतो. कारण माझंही एक जुनं पाप आहे. २०१४ साली एक प्रबंध माझ्या कपाटावर चार महिने पडून होता. आधी खाली दिवाळी अंक होते, मग वर दिवाळी अंक आले. स्मरणपत्रांना मी "लवकरच" असं उत्तर द्यायचो. तो प्रबंध एका शिक्षिकेचा होता आणि तिची वेतनवाढ त्या चार महिन्यांत अडकली होती, हे मला मौखिकीच्या दिवशी, तिने आणलेली बर्फी खाताना कळलं. बर्फी घशात अडकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. तेव्हापासून ठरवलंय: जमणार असेल तर तारीख सांगून हो म्हणायचं, जमणार नसेल तर त्याच दिवशी नाही. हो म्हणून गप्प बसणाऱ्याने त्या अमेरिकेला गेलेल्या गृहस्थांसारखे शंभर दिवस खाल्ले, नाही म्हणणारा एक दिवस खातो.

पण नकार लिहिणं होकार लिहिण्यापेक्षा कठीण. पहिला मसुदा दीड पान झाला. त्यात उच्च शिक्षणाचा ऱ्हास वगैरे आला होता, तो फाडला. दुसरा मसुदा तब्येतीवर होता. तो सौभाग्यवतींनी फेटाळला. आमचे एक सहकारी "डोळ्याचं ऑपरेशन" असं कारण देऊन सुटले होते आणि त्याच आठवड्यात नाट्यगृहाच्या मध्यंतरात, बटाटेवडा हातात असताना, त्याच विद्यापीठाच्या कुलसचिवांना भेटले. शिवाय तब्येतीचं कारण दिलं की उत्तर येतं, "लवकर बरे व्हा, बुधवारपर्यंत दिला तरी चालेल."

आणि खोट्या कारणात एक मोठा तोटा आहे. फाईलवर 'परीक्षक आजारी' अशी नोंद होते. म्हणजे दोष माझ्या पोटाचा. मुदत तशीच निर्दोष राहते आणि यादीतल्या पुढच्या माणसाकडे पाच दिवसांची होऊन जाते. म्हणून कारण जे आहे तेच लिहावं, आणि आकड्यांत लिहावं.

शेवटी चार ओळी लिहिल्या. निमंत्रणाबद्दल आभार. ३४२ पानांच्या प्रबंधाचं मूल्यमापन आठ दिवसांत करणं मला शक्य नाही, म्हणून नकार देत आहे. विद्यापीठाला पस्तीस दिवसांची मुदत देता आली तर मी आनंदाने करीन, आणि तसं सोमवारपर्यंत कळवावं. प्रबंधाची फाईल मी संगणकावरून काढून टाकली आहे व याबद्दल कुणाशी बोललो नाही. "कुणाशी" या शब्दापाशी गाईडसाहेब आठवले. पण मी बोललो नव्हतो, तेच बोलले होते. वाक्य तसंच ठेवलं. माझ्या जागी कुणाला नेमावं हे मात्र सुचवलं नाही. यादी विद्यापीठाची असते, आणि ज्या मित्राचं नाव मी सुचवलं असतं तो पुढे माझ्याशी बोलला नसता.

अहवालाच्या नमुन्याकडे जाता जाता एकदा पाहून घेतलं. 'मौलिकता', 'ज्ञानात पडलेली भर', 'भाषा व मांडणी' अशा रकाने आखलेल्या ओळी, प्रत्येक ओळीपुढे दीड इंच जागा. ज्ञानात पडलेली भर दीड इंचात बसायला हवी, हे कुणीतरी विचारपूर्वक ठरवलं असणार.

मेल पाठवला आणि मेथीकडे वळलो. दहा मिनिटांत भाऊसाहेबांचा फोन.

"सर, मेल मिळाला. पण असा नकार चालत नाही. असहमतीपत्र लागतं. नमुना पाठवतो. प्रिंट काढून, सही-शिक्का करून, मूळ प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत रद्द केलेला चेक जोडा."

"चेक कशाला? मी तर मानधनच घेत नाहीये."

"नमुन्यात आहे, सर. न जोडला तर त्रुटी काढतात."

"बरं. आणि हे कधीपर्यंत पाठवायचं? उद्याच?"

"नाही नाही सर, घाई नाही," भाऊसाहेब अगदी मायेने म्हणाले. "त्याला तीस दिवसांची मुदत आहे."